गोणीवरचा आठवडा, सळईवरचा ग्रेड आणि पावसाळाभर पडून राहिलेला माल

केळीबाग_चोपडा
रामराम मंडळी. चोपड्याजवळ गावातच घर बांधतोय. भिंती लिंटेलच्या वर गेल्या आणि काम अडकलं. आधी वाळू मिळेना, मग पाऊस लागला. आता दिवाळीनंतर स्लॅब टाकायचा विचार आहे.

जुलैच्या सुरुवातीला सिमेंटच्या ७० गोण्या आणि लोखंड एकदमच घेऊन ठेवलं होतं. सिमेंट जुन्या घराच्या खोलीत आहे, शहाबादी फरशीवर, भिंतीला लागून थप्पी. लोखंड शेतातल्या शेडमध्ये, ड्रिपच्या खताच्या टाकीशेजारी. गोणीवर पीपीसी, आयएस १४८९ भाग १, आणि छपाईत डब्ल्यू २६ वाय २५ असं आहे. ५३ किंवा ४३ कुठेच लिहिलेलं नाही. १२ मिमीच्या सळईवर कंपनीचं नाव आणि एफई ५०० डी उठलेलं आहे. ८ मिमीवर मात्र नुसते आडवे दाते, अक्षर एक नाही.

मिस्तरी म्हणतो, "सगळं चालतं, फक्त एक गोणी जास्त टाकू." हा माल स्लॅबला वापरावा का, एवढंच विचारायचं आहे.

शिरपूरचा_राजू
भाऊ, ग्रेड छापलेला नाही म्हणजे तो हलका माल. स्लॅबला डोळे झाकून ५३ घ्यायचं. पीपीसीत दीपनगरसारख्या वीज केंद्रातली राख मिसळतात, ते प्लास्टरला ठीक आहे. सळई गंजली असेल तर डिझेलच्या बोळ्याने पुसून घ्या, चकचकीत होते. आणि सिमेंट फरशीवर नको होतं, खाली फळ्या लागतात.

पारोळेकर
भो, आमनाकडे बी हाईच व्हयनं. खालची रांग दगड व्हयी गई.

आप्पा_भुसावळ
राजूभाऊंचं फळ्यांचं म्हणणं बरोबर आहे. बाकी दोन गोष्टी सोडून द्या.

पीपीसीवर ग्रेडचा आकडा छापतच नाहीत. त्या सिमेंटचं मानक वेगळं आहे, आयएस १४८९, आणि त्यात २८ दिवसांची किमान ताकद ३३ ठरलेली आहे. चांगल्या कंपनीचा माल त्याच्या वरच जातो. ओपीसी म्हणजे साध्या सिमेंटच्या गोणीवर ४३ किंवा ५३ दिसतं, कारण तिथे ग्रेड वेगवेगळे आहेत. आकडा कशाचा? सिमेंट आणि ठरावीक वाळूचा छोटा ठोकळा करून २८ दिवस पाण्यात ठेवतात, मग तो दाबून फोडतात. दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन सहन झाले, तो हा आकडा. म्हणजे ती कारखान्यातल्या ताज्या सिमेंटची ताकद झाली. तुमच्या खोलीत साडेतीन महिने राहिलेल्या गोणीची नाही.

राख ही भेसळ नाही. पीपीसीत ती १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत मानकाप्रमाणेच घालतात, आणि किती घातली ते गोणीवर छापावं लागतं. वाचून बघा. स्लॅबला पीपीसी चालतं. ते सुरुवातीला सावकाश पकडतं, म्हणून सेंट्रिंग लवकर काढायचं नाही आणि पाणी जास्त दिवस मारायचं.

आता तुमच्या गोणीवरची खरी महत्त्वाची खूण, डब्ल्यू २६ वाय २५. २०२५ च्या २६ व्या आठवड्यात, म्हणजे जूनअखेरीला भरलेलं सिमेंट. आज आपण ४२ व्या आठवड्यात आहोत, म्हणजे सोळा आठवडे झाले. गोणीतलं सिमेंट तीन महिन्यांपेक्षा जास्त पडून राहिलं तर तपासून मगच वापरावं, अशी मानकातच सूचना आहे.

डिझेल सळईला अजिबात लावू नका. तेलाचा थर राहिला की काँक्रीट सळईला धरत नाही. तेल, रंग, चिखल, सुटा गंज यांपैकी काहीही सळईवर नको असतं.

वहिनी_धुळे
आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, म्हणून आमच्या बाजूचं सांगते. गिऱ्हाईक भाव विचारतं, कंपनी विचारतं. आठवडा विचारणारं क्वचितच भेटतं. माल रेल्वेने मालधक्क्यावर येतो, तिथून गोडाऊन, मग दुकान. तुमच्या हातात पडेपर्यंत तीन-चार आठवडे सहज गेलेले असतात. त्यामुळे घेताना आठवडा वाचा, आणि जुना असेल तर दुसऱ्या थप्पीतलं मागा. विचारलं म्हणून कोणी रागावत नाही, आम्ही तर नाहीच.

तसंच आयएसआय खुणेच्या खाली सीएम/एल आणि पुढे आकडे असतात. तो परवान्याचा नंबर. बीआयएस केअर नावाच्या मोबाईल ॲपमध्ये टाकला की कोणत्या कंपनीचा परवाना आहे आणि चालू आहे का, ते दिसतं. गोणीवरचं नाव आणि ॲपवरचं नाव जुळलं पाहिजे. गोणीचं तोंड हाताने शिवलेलं दिसलं तर घेऊच नका.

नवरगाव_प्लॉट
माझाही असाच प्रश्न आहे. इंजिनिअरने नकाशावर एम २० लिहिलंय आणि मी ५३ आणतोय. मग मी गरजेपेक्षा दुपटीहून जास्त खर्च करतोय का?

आप्पा_भुसावळ
नाही दादा. एम २० हा काँक्रीटचा ग्रेड, ५३ हा सिमेंटचा. काँक्रीटमध्ये सिमेंटसोबत वाळू, खडी, पाणी येतं, म्हणून त्याची मोजणी निराळी. ४३ नेही एम २० होतं, पीपीसीनेही होतं. ५३ ने घाईचं काम लवकर सुटतं, पण ते पहिल्या दिवसात उष्णताही जास्त सोडतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये प्लास्टरला ५३ वापरून पाण्यात कसूर केली की भिंतीवर बारीक तडे दिसतातच.

केळीबाग, तुम्ही दोन कामं करा. प्रत्येक रांगेतली गोणी फोडून बघा, आणि सळई साफ करून वजन करा. फोटो नकोत, हाताला काय लागलं ते लिहा.

केळीबाग_चोपडा
आप्पा, सकाळीच केलं.

थप्पी बारा गोण्या उंच होती. वरच्या गोण्या मऊ आहेत. हात घातला की पीठ गार लागतं, मूठ सोडली की सुटं होतं. मधल्या गोण्या बाहेरून कडक, पण आत गाठी बोटाने चुरल्या जातात. सगळ्यात खालची रांग आणि भिंतीकडच्या गोण्यांची एक बाजू मात्र खडा झाली आहे. खिळ्याने खरवडलं तर ओरखडा उठतो, गाठ फुटत नाही. अशा पंधराएक असतील.

१२ मिमीच्या सळईवर एकसारखा तांबूस गंज आहे, तारेच्या ब्रशने निघाला. पण टाकीकडच्या हातभर टोकाला पापुद्रे सुटतात. ब्रश मारल्यावर तिथे नखाला खड्डे लागतात, एका ठिकाणी दाते झिजून सपाट झालेत.

साफ भागातून बरोबर एक मीटरचे तुकडे कापून किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले. १२ मिमीचा ८६२ ग्रॅम, ८ मिमीचा ३५१ ग्रॅम. पुढे कसं बघायचं?

पारोळेकर
टाकीशेजारी खताच्या गोण्या बी होत्या का? पोटॅश?

केळीबाग_चोपडा
होय, लाल पोटॅशच्या. दोन फाटलेल्या होत्या, खाली सांडलं होतं.

आप्पा_भुसावळ
पारोळेकरांनी अचूक धरलं. लाल पोटॅश म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश. ते पोटॅशियम क्लोराईड आहे, आणि क्लोराईड हे लोखंडाचं वैरी. हवेतल्या ओलीने येणारा गंज सगळीकडे सारखा पसरतो. क्लोराईड मात्र एका जागी खोल खड्डे करत आत जातं. तुमच्या नखाला लागलेले खड्डे तेच. ती टोकं खड्ड्यांच्या पुढे दीडेक फूट धरून कापून टाका आणि घराच्या कोणत्याच काँक्रीटमध्ये घालू नका. खत चिकटलेली सळई काँक्रीटमध्ये गेली तर गंज आत चालू राहतो, आणि काही वर्षांनी कव्हर फुटून खाली येतं. उरलेला भाग साध्या पाण्याने चांगला धुऊन, ब्रश मारून वाळवा.

बाकीचा तांबूस गंज घाबरण्यासारखा नाही. ब्रशने निघतो, दाते शाबूत आहेत, आणि वजन बघा. १२ मिमीचं मीटरला ८८८ ग्रॅम यायला हवं. हे पाठ करायची गरज नाही, व्यासाला व्यासाने गुणा आणि १६२ ने भागा, मीटरला किलो मिळतात. १४४ भागिले १६२ म्हणजे ०.८८८. या जाडीला पाच टक्के कमी-जास्त चालतं. तुमचं ८६२ म्हणजे तीन टक्के कमी. ही सळई वापरा.

८ मिमीचं गणित ६४ भागिले १६२, म्हणजे ३९५ ग्रॅम. इथे सात टक्क्यांपर्यंत सूट आहे, एकट्या तुकड्याला आठ. म्हणजे ३६३ च्या खाली जायला नको. तुमचं ३५१ आहे, अकरा टक्के कमी. मोळीतल्या वेगवेगळ्या सळयांचे आणखी चार-पाच तुकडे तोला, एकावर निकाल देऊ नका.

शिरपूरचा_राजू
डिझेलचं मान्य, आमच्याकडे सगळेच करतात म्हणून लिहिलं होतं. पण वजनात एक प्रश्न आहे. लोखंड किलोवर घेतलं असेल तर कमी वजनाच्या सळईत गिऱ्हाईकाचा तोटा कुठे? उलट लांबी जास्त मिळाली.

आप्पा_भुसावळ
पैशात तोटा नाही, स्लॅबमध्ये आहे. सळईवाला सळया मोजून आणि अंतर धरून बांधतो, वजन करून नाही. नकाशात ८ मिमी दर १५० मिमीवर असेल तर एका मीटर रुंदीत ३३५ चौरस मिमी लोखंड येतं. तुमच्या सळईने तेवढ्याच अंतराला २९८ च्या आसपास येईल. तेवढंच लोखंड बसवायचं तर अंतर १३० वर आणावं लागेल. नगावर घेतली असती तर पैशातही मार बसला असता.

पण मी तुमच्या जागी अंतर कमी करून तीच सळई वापरणार नाही. तिच्यावर ग्रेडच उठलेला नाही. वजन कमी आहे हे काट्याने कळलं. ती ५०० ची आहे की ४१५ ची की त्याहून खाली, हे काटा सांगत नाही. ते खेचून बघणाऱ्या मशीनवरच कळतं.

गिरणाकाठी
मी सेंट्रिंग आणि लोखंडाची कामं घेतो. ग्रेडचं आमच्या हाताला कळतं, पूर्ण नाही पण बऱ्यापैकी. रिंग वाकवताना वळणाच्या बाहेरच्या बाजूला बारीक चीर गेली तर ती सळई मी बाजूला टाकतो. ५०० डी सहसा तसं करत नाही. नाव न उठलेल्या ८ मिमीत हे पुष्कळ वेळा दिसतं, आणि रिंगा नेमक्या त्याच्याच करायला सांगतात.

मोळीला तारेने बांधलेला पत्र्याचा बिल्ला असतो. त्यावर हीट नंबर म्हणजे भट्टीच्या खेपेचा नंबर, ग्रेड, व्यास आणि परवान्याचा नंबर असतो. आमची पोरं तो उचलून फेकतात. तो जपून ठेवायचा आणि दुकानदाराकडून त्याच हीट नंबरचं टेस्ट सर्टिफिकेट मागायचं.

नवरगाव_प्लॉट
हा डी म्हणजे काय? महाग घ्यायचा म्हणून असतो का?

आप्पा_भुसावळ
५०० म्हणजे किती जोराला सळई कायमची ताणली जायला लागते, तो आकडा. ५०० आणि ५०० डी दोन्हीत तो सारखाच. डी असेल तर ती तुटण्याआधी जास्त लांबते. साध्या ५०० ला किमान १२ टक्के लांबण अपेक्षित आहे, डीला १६. भूकंपात हाच फरक कामी येतो. सातपुड्यात १९३८ साली मोठा भूकंप झालेला आहे, म्हणून आपल्या पट्ट्यात कॉलम-बीमला मी डीच घ्यायला सांगतो. ५५० चा आकडा मोठा दिसतो म्हणून ती घरासाठी आपोआप चांगली असं नाही. डिझाईन ५०० वर केलेलं असेल तर ५०० डी घ्या.

केळीबाग_चोपडा
आणखी पाच तुकडे तोलले. ३४९ ते ३५८ च्या मधे सगळे. म्हणजे ८ मिमी बाद. दुकानदाराला फोन केला, तो म्हणतो बिलावर ८ मिमी लिहिलंय, ग्रेड लिहिलेला नाही, परत घेता येत नाही. बोलणं चालू आहे.

आता सिमेंटचं सांगा. मधल्या गाठी चुरतात त्या चालतील का? आणि मिस्तरीची एक गोणी जास्त?

आप्पा_भुसावळ
बोटाने चुरणारी गाठ बहुतेक दाबाने झालेली असते. वरच्या गोण्यांच्या भाराने पीठ घट्ट बसतं. गोणी जमिनीवर दोन्ही बाजूंनी लोळवली की सुटतं. म्हणूनच थप्पी दहाच्या वर नेत नाहीत. तुमची बारा होती. खिळ्याने फुटत नाही ती गाठ पाणी पिऊन पकडलेली आहे, ते सिमेंट संपलं. चाळून बारीक भाग वापरू, असं मिस्तरी म्हणेल. मी म्हणेन, तो बारीक भागही अर्धा मेलेला असतो. त्या पंधरा गोण्या अंगणातल्या भरावात टाका.

उरलेल्या पंचावन्नांचं बघू. पुस्तकी अंदाज असा की बरी साठवण असेल तर तीन महिन्यांत वीसेक टक्के ताकद जाते आणि सहा महिन्यांत तीसेक. तुमच्या भिंतीच्या ओलीत हा अंदाज कितपत लागू आहे, हे मी बसल्या जागी सांगू शकत नाही. एक गोणी जास्त टाकणं म्हणजे न मोजलेल्या तुटीवर न मोजलेला उतारा. शिवाय सिमेंट वाढलं की मिस्तरी पाणीही वाढवतो, आणि जास्त पाण्याने ताकद परत खाली येते.

माझा सल्ला: स्लॅबला ताज्या आठवड्याचं सिमेंट आणा. या पंचावन्न गोण्या विटांच्या जुडाईला, प्लास्टरला आणि फरशीखालच्या कोब्याला वापरा.

गिरणाकाठी
आप्पांचा मान राखून सांगतो, मला हे फार कडक वाटतं. वरच्या मऊ गोण्या स्लॅबला घातलेली कामं मी केली आहेत, आजही पावसाचा थेंब आत येत नाही. पंचावन्न गोण्या म्हणजे लहान रक्कम नाही.

आप्पा_भुसावळ
गळत नाही हे चांगलंच आहे. पण ती ताकदीची परीक्षा नव्हे. पैशाची चिंता असेल तर सिव्हिलची लॅब असलेल्या कॉलेजात चौकशी करा. वरच्या रांगेतल्या दोन-तीन गोण्यांचा नमुना हवाबंद डब्यात द्या. सात दिवसांचा निकालही पुष्कळ सांगतो, पीपीसीला सात दिवसांना किमान २२ यायला हवं. आलं तर गिरणाकाठी म्हणतात तसं करा, माझी हरकत नाही.

वहिनी_धुळे
वडीची परीक्षा करतात ना? सिमेंट भिजवून काचेवर चपटी वडी थापायची, पाण्यात एक दिवस ठेवायची, कडक झाली की माल चांगला.

आप्पा_भुसावळ
ताई, त्याने माल पूर्ण मेला आहे की नाही एवढंच कळतं. किती उरला हे कळत नाही. नाही झाली कडक तर लॅबचा खर्च वाचतो, तेवढा उपयोग नक्की.

पारोळेकर
नवीन गोण्या आणल्यावर ठेवायच्या कशा, ते बी लिखा आप्पा. पंधरा दिवस का होईना ठेवाव्या लागतात.

आप्पा_भुसावळ
खोलीत विटांच्या दोन थरांवर फळ्या टाका, जमिनीपासून वीतभर वर. भिंतीपासून दोन फूट मोकळे सोडा, माणूस फिरू शकला पाहिजे, म्हणजे ओल आली तर दिसते. थप्पी दहाच्या आत. आठ ओलांडली तर एक थर उभा, एक आडवा लावा, घसरत नाही. वरून आणि चारही बाजूंनी जाड प्लास्टिक, पण कडा फळ्यांच्या खाली मुडपा, नुसतं वरून पांघरूण नको. खिडकी बंद. आधी आलेली गोणी आधी निघेल असा रस्ता ठेवा. त्या खोलीत युरिया ठेवू नका, तो हवेतली ओल ओढतो आणि त्याला पाणी सुटतं.

लोखंड काळ्या मातीवर कधीच नको. लाकडाच्या ओंडक्यांवर वीतभर उंच ठेवा, ओंडके इतके जवळ की सळई मधे लोंबू नये. प्रत्येक व्यासाची वेगळी रास, आणि ५०० व ५०० डी एकत्र नको, कारण कापलेल्या तुकड्यावर अक्षर येईलच असं नाही. टोकाला वेगवेगळा रंग लावला तर पोरांना ओळखता येतं, पण फक्त टोकाला. प्लास्टिक घट्ट गुंडाळलं की आत घाम धरतो, म्हणून वर छप्पर आणि बाजूने वारा. पावसाळाभर ठेवायचं असेल तर सिमेंटचं पातळ पाणी ब्रशने लावतात. वापरताना ते सुटून येत असेल तर झटकून घ्यायचं.

केळीबाग_चोपडा
पोटॅश आज दुसरीकडे हलवलं, टोकं कापून घेतली. १२ मिमी धुऊन ओंडक्यांवर टाकली आहे. वरच्या रांगेतल्या तीन गोण्यांचा नमुना सोमवारी लॅबला देतोय. ८ मिमी नवीन घेणार, या वेळी बिलावर ग्रेड आणि हीट नंबर लिहून. जुन्या ८ मिमीची जवळपास दीड क्विंटल शिल्लक आहे. तिचं काय करू? मिस्तरी म्हणतो छज्ज्याला घालू.

गिरणाकाठी
छज्ज्याला नको. छज्जा एकाच बाजूने धरलेला असतो, त्याचा सगळा भार वरच्या सळईवर. त्यापेक्षा केळीच्या बागेला कुंपण करा किंवा भंगाराच्या भावात द्या.

वहिनी_धुळे
भंगारात देण्याआधी बिल आणि वजनाचे फोटो ठेवा. दुकानदाराने ज्याच्याकडून माल घेतला त्याच्याकडे आम्ही अशा तक्रारी पाठवतो, कधीकधी बदलून मिळतं. तुमच्या बिलावर सळईचं मानक, आयएस १७८६, लिहिलं आहे का, ते बघून सांगा. लिहिलं असेल तर बोलणं सोपं होईल.